स्प्रिंगला टांगलेलं वजन, त्याचा आवर्तकाल आणि आयाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींना स्प्रिंगच्या प्रयोगात दरवर्षी जवळपास हेच प्रश्न पडतात. सगळे आकडे एकाच स्प्रिंगचे घेतले आहेत, म्हणजे एका उत्तरातलं दुसऱ्याशी जोडून पाहता येईल. शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही स्प्रिंगवाल्याकडे करून मिळेल अशी ही स्प्रिंग आहे: १ मिलिमीटर जाडीची पोलादी तार, वेढ्यांचा सरासरी व्यास १७ मिलिमीटर, वेढे साधारण १००, एकमेकांना चिकटलेले. न ताणता लांबी १० सेंटिमीटर आणि स्प्रिंगचं स्वतःचं वस्तुमान ३३ ग्रॅम. बल स्थिरांक k सुमारे २० न्यूटन प्रति मीटर, म्हणजे एक सेंटिमीटर जास्त ताणायला ०.२ न्यूटन जादा बल लागतं.

सर, आयाम दुप्पट केला तर वजनाला दुप्पट अंतर कापावं लागतं. मग वेळ जास्त का लागत नाही?

अंतर दुप्पट होतं हे बरोबर आहे. पण ते अंतर कापणारं वजन आता दुप्पट वेगानं जात असतं, आणि तेही प्रवासाच्या प्रत्येक क्षणी. एकजण कोल्हापुरातून पन्हाळ्याला निघाला, सुमारे २० किलोमीटर, आणि दुसरा निपाणीला, सुमारे ४० किलोमीटर. दुसऱ्याचा वेग सतत पहिल्याच्या दुप्पट राहिला तर दोघं एकाच वेळी पोहोचतील. प्रश्न एवढाच उरतो की स्प्रिंगवरच्या वजनाला हा नेमका दुप्पट वेग मिळतो कसा.

तो मिळतो स्प्रिंगच्या बलातून. स्प्रिंगला ३०० ग्रॅम लावून ते स्थिर होऊ द्या; जिथे थांबेल तो समतोल बिंदू. तिथून वजन २ सेंटिमीटर खाली ओढलं तर ते परत खेचणारं बल ०.४ न्यूटन असतं. ४ सेंटिमीटर ओढलं तर ०.८ न्यूटन. वस्तुमान तेच, म्हणून सोडल्याक्षणीचं त्वरणही दुप्पट.

आता दोन सारख्या स्प्रिंगा शेजारी शेजारी टांगल्या आहेत, दोन्हींना ३०० ग्रॅम लावलंय, एक वजन २ सेंटिमीटरवरून आणि दुसरं ४ सेंटिमीटरवरून एकाच क्षणी सोडलं, असं धरा. दर ०.०५ सेकंदाला त्यांची समतोल बिंदूपासूनची जागा टिपली तर ती अशी येते:

| वेळ (सेकंद) | पहिलं वजन (सेंमी) | दुसरं वजन (सेंमी) |
|---|---|---|
| ० | २.०० | ४.०० |
| ०.०५ | १.८४ | ३.६७ |
| ०.१० | १.३७ | २.७४ |
| ०.१५ | ०.६८ | १.३६ |
| ०.२० | −०.१२ | −०.२५ |

कोणतीही ओळ घ्या, उजवीकडचा आकडा डावीकडच्याच्या दुप्पट आहे. असं का होतं ते पहिल्या दोन ओळींत कळतं. सुरुवातीला दुसऱ्याचं त्वरण दुप्पट, म्हणून ०.०५ सेकंदात त्यानं कमावलेला वेग दुप्पट आणि कापलेलं अंतरही दुप्पट. दुप्पट अंतरावरून निघून दुप्पट अंतर कापलं, म्हणजे उरलेलं अंतर पुन्हा बरोबर दुप्पटच. मग पुढच्या ०.०५ सेकंदासाठीही बल दुप्पट, त्वरण दुप्पट. ही जोडी कुठेच तुटत नाही. म्हणून शेवटच्या ओळीच्या जरा आधी, ०.१९ सेकंदाच्या सुमारास, दोघंही एकाच क्षणी समतोल बिंदू ओलांडतात. पहिल्याचा तिथला वेग सेकंदाला १६ सेंटिमीटर, दुसऱ्याचा ३३.

हा पाव फेरा झाला. पुढचे तीन पाव असेच. पूर्ण दोलनाला दोघांनाही ०.७७ सेकंद लागतात.

मग हे कुठल्याही मागे खेचणाऱ्या बलाला लागू पडतं का?

नाही, आणि हेच नीट कळायला हवं. मागे खेचणारं बल आहे एवढ्यानं भागत नाही. विस्थापन जितक्या पट तितक्याच पट बल, ही अट पाळली गेली तरच वेळ सारखा राहतो.

समजा बल अंतराप्रमाणे वाढलंच नाही, सगळीकडे तेवढंच राहिलं. उंचावरून सोडलेला चेंडू असाच असतो: १ मीटरवर असो की ४ मीटरवर, पृथ्वी त्याला सारख्याच बलानं ओढते. ४ मीटरवरच्या चेंडूला अंतर चौपट आहे पण जोर तेवढाच, म्हणून खाली यायला त्याला दुप्पट वेळ लागतो. इथे मोठा आयाम म्हणजे जास्त वेळ.

आता उलट टोक घ्या. बल विस्थापनाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असेल, तर विस्थापन दुप्पट केल्यावर बल आठपट होईल. अंतर दुप्पट आणि जोर आठपट, म्हणून वेळ निम्मा लागेल. इथे मोठा आयाम म्हणजे कमी वेळ. या दोन टोकांच्या मधोमध स्प्रिंग बसते: अंतर आणि बल एकाच पटीत वाढतं आणि वेळेचा हिशेब तंतोतंत फिटतो.

रॉबर्ट हूकनं बल आणि ताण यांचा हा नियम १६७६ साली अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ साली उलगडून सांगितला. चावीच्या घड्याळातलं चक्र बारीक केसासारख्या स्प्रिंगवर मागेपुढे फिरतं ते याच गुणाच्या भरवशावर. चावी उतरत आली की चक्राचा झोका लहान होतो, तरी ठोक्याची वेळ फारशी बदलत नाही.

कॅल्क्युलस न वापरता हे एका ओळीत पटवता येईल का?

एककांवरून येईल. मला स्वतःला ही वाट सगळ्यांत आवडते.

आवर्तकाल ज्यावर अवलंबून असू शकेल अशा तीनच गोष्टी आपल्याकडे आहेत: वस्तुमान m, स्प्रिंगचा k आणि आयाम A. m किलोग्रॅममध्ये, A मीटरमध्ये. k चं एकक न्यूटन प्रति मीटर, पण न्यूटन म्हणजे किलोग्रॅम × मीटर ÷ सेकंद वर्ग. मीटरनं भागल्यावर मीटर उडून जातो आणि उरतं किलोग्रॅम ÷ सेकंद वर्ग. म्हणजे k मध्ये लांबीचा मागमूसही नाही. आता या तिघांतून उत्तर सेकंदात काढायचंय. m ला k नं भागलं की सेकंद वर्ग मिळतो आणि त्याचं वर्गमूळ म्हणजे सेकंद. A आत घेतला तर त्याच्यासोबत मीटर येतो, आणि तो खोडायला दुसऱ्या कुणाकडेच मीटर नाही. म्हणून A ला सूत्रात जागाच नाही.

T = 2π√(m/k)

यातला 2π एककांवरून निघत नाही, त्यासाठी गणित करावंच लागतं.

लंबकालाही आयामाचा फरक पडत नाही असं पुस्तकात आहे. मग दोन्ही सारखेच ना?

लंबकाला फरक पडतो, फक्त लहान कोनात तो दिसत नाही. लंबकाला मागे आणणारं बल कोनाच्या साइनच्या प्रमाणात असतं आणि साइन कोनापेक्षा हळूहळू मागे पडत जातो. म्हणून मोठ्या झोक्याला बल हवं त्यापेक्षा कमी मिळतं आणि वेळ वाढतो. प्रत्येक बाजूला ३० अंशांच्या झोक्यात आवर्तकाल सुमारे १.७ टक्क्यांनी जास्त येतो, ६० अंशांना सुमारे ७ टक्क्यांनी. एककांच्या वाटेनंही हे दिसतं: लंबकाला स्वतःची एक लांबी आहे, आयामातला मीटर खोडायला दुसरा मीटर तिथे हजर आहे.

स्प्रिंगच्या बाबतीत लहान आयामाची अशी अट नाही. अट आहे ती स्प्रिंग सरळ रेषेच्या नियमात राहण्याची. ती कधी सुटते ते पुढे येईलच.

माझं गणितातलं उत्तर आणि स्टॉपवॉच जुळत नाही. प्रयोग चुकला का?

बहुतेक वेळा प्रयोग बरोबर असतो, k चुकीचा काढलेला असतो. हे नीट बघू, कारण दर बॅचला निम्म्या वह्यांत हीच चूक सापडते.

आपल्या स्प्रिंगला एकेक वजन लावून वाढ मोजली. १०० ग्रॅमला २.९ सेंटिमीटर, २०० ला ७.८, ३०० ला १२.७, ४०० ला १७.६. विद्यार्थी काय करतो? ३०० ग्रॅमचं भारबल ०.३ × ९.७८ = २.९३ न्यूटन घेतो (कोल्हापुरात g सुमारे ९.७८ आहे), त्याला ०.१२७ मीटरनं भागतो आणि k = २३.१ लिहितो. त्यावरून T निघतो ०.७१६ सेकंद, म्हणजे २० दोलनांना १४.३ सेकंद. स्टॉपवॉच मात्र दाखवतं १५.७ च्या आसपास. जवळजवळ दीड सेकंदाचा फरक हाताच्या चुकीनं पडत नाही.

आकड्यांकडे पुन्हा बघा. १०० वरून २०० वर जाताना वाढ ४.९ सेंटिमीटर, पुढे २०० वरून ३०० ला ४.९, ३०० वरून ४०० लाही ४.९. पण शून्यावरून १०० ला फक्त २.९. पहिल्या टप्प्यात २ सेंटिमीटर कुठे गेले? चिकट वेढ्यांची स्प्रिंग गुंडाळतानाच वेढे एकमेकांवर दाबून बसतात. त्यांना सुटं करायलाच आधी काही बल खर्च होतं. या स्प्रिंगमध्ये सुमारे ४० ग्रॅमच्या भाराएवढं. तोवर स्प्रिंग हलतसुद्धा नाही. यालाच सुरुवातीचा ताण म्हणतात. आलेख काढलात तर रेषा सरळच येते, पण आरंभबिंदूतून जात नाही.

म्हणून k म्हणजे एकूण बल भागिले एकूण वाढ नव्हे, तर आलेखाचा चढ: ०.९७८ ÷ ०.०४९, म्हणजे जवळजवळ २०. दोलनात वजन समतोल बिंदूच्या वरखाली फिरतं आणि तिथे फक्त हा चढच कामाला येतो. आता T = ०.७७ आणि २० दोलनांना १५.४ सेकंद. फरक पाव सेकंदावर आला.

उरलेला पाव सेकंद स्प्रिंगच्या स्वतःच्या वस्तुमानाचा. ती ३३ ग्रॅमची तारही वरखाली होते. तिचं खालचं टोक वजनाच्या वेगानं हलतं, वरचं टोक स्टँडला स्थिर, आणि मधले वेढे आपापल्या जागेप्रमाणे कमीजास्त वेगानं. सगळ्यांची गतिज ऊर्जा जोडली तर ती स्प्रिंगच्या एक तृतीयांश वस्तुमानाएवढी भरते. म्हणून m च्या जागी ३०० + ११ = ३११ ग्रॅम घ्यायचे. T येतो ०.७८३ सेकंद, वीस दोलनांना १५.७ सेकंद. स्टॉपवॉच हेच सांगत होतं.

हँगरचं वस्तुमान ३०० मध्ये धरलंय ना, तेही एकदा तपासा.

मी १०० ग्रॅम लावून आयाम वाढवला आणि आवर्तकाल खरंच बदलला. नियम चुकीचा आहे का?

तुमचं निरीक्षण खरं आहे. आयाम किती घेतला होता? बहुधा ४ किंवा ५ सेंटिमीटर. वरचे आकडे पाहा: १०० ग्रॅमला स्प्रिंग फक्त २.९ सेंटिमीटर उघडलेली असते. वजन समतोल बिंदूच्या वर २.९ सेंटिमीटरपेक्षा जास्त जाऊ लागलं की वेढे पूर्ण मिटतात. मिटलेली स्प्रिंग म्हणजे जवळजवळ भरीव नळी. तिथे बल आणि विस्थापन यांचं प्रमाण तुटतं आणि त्याबरोबर सारख्या वेळेचा नियमही. हँगर हुकात सैल असेल तर वजन वर उडून परत पडतं, घट्ट असेल तर आपटून उलटं फिरतं. दोन्हींत वेळ वेगळा येतो.

ओळखायला सोपं आहे. कान द्या, वरच्या टोकाला बारीक टकटक ऐकू येते. हँगरला बोट लावलंत तर झटका जाणवतो. डोळ्यांनी पाहायचं तर वरच्या टोकाला वेढ्यांमधून पलीकडचा उजेड दिसतोय का ते बघा. फट बंद झाली की मर्यादा ओलांडली.

त्याच स्प्रिंगला ३०० ग्रॅम लावा. आता १२.७ सेंटिमीटरपर्यंत मोकळीक आहे. २ सेंटिमीटर आणि ६ सेंटिमीटर अशा दोन आयामांनी वीस-वीस दोलनं मोजा. दोन्ही वेळा १५.७ च्या आसपास येतील आणि फरक हाताच्या चुकीपेक्षा जास्त नसेल.

वजन वरखाली होता होता आडवं डुलायला लागतं. हात हलला म्हणून?

हात अगदी स्थिर ठेवला तरी होतं. टांगलेली स्प्रिंग हा लंबकही असतो. वरखाली होण्याचा आवर्तकाल आडव्या झोक्याच्या आवर्तकालाच्या बरोबर निम्मा आला की ऊर्जा एका गतीतून दुसरीत सरकते: वरखाली होणं विरतं, डुलणं वाढतं, आणि थोड्या वेळानं पुन्हा उलट. आपल्या स्प्रिंगला, हँगरची उंची धरून, हे १०० ते १५० ग्रॅमच्या दरम्यान घडतं. तिथे वेळ मोजण्यात अर्थ नाही. वजन ३०० करा, किंवा स्प्रिंग वर दोऱ्यानं टांगून लांबी बदला.

वीस दोलनं होईपर्यंत आयाम कमी होतो. मग मोजलेला वेळ कोणत्या आयामाचा?

सगळ्यांचा, कारण तो सारखाच आहे. आयामावर वेळ अवलंबून असता तर वीस दोलनांची सरासरी काढणंच चुकीचं ठरलं असतं. हवेच्या अडथळ्यानं खुद्द आवर्तकाल किंचित वाढतो, पण पन्नास दोलनांत आयाम निम्मा होत असेल तर ही वाढ दहा लाखांत दोन-तीन भाग एवढी असते. स्टॉपवॉचला ती दिसणार नाही.

मोजणी कुठून सुरू करावी?

समतोल बिंदूवरून. टोकाला वजन क्षणभर थबकतं आणि नेमका क्षण पकडता येत नाही. मध्ये ते सर्वांत वेगात असतं. तिथे मागे पट्टीवर खूण करा. स्टॉपवॉच दाबताना "शून्य" म्हणा. "एक" म्हणून सुरू केलंत तर वीस म्हणेपर्यंत खरी दोलनं एकोणीसच होतात आणि T पाच टक्क्यांनी कमी येतो.

सूत्रात g नाही. पण T = 2π√(e/g) असंही वाचलंय, त्यात g आहे. खरं कोणतं?

e म्हणजे वजन लावल्यावर समतोलात झालेली वाढ. गुरुत्वाकर्षण एवढंच करतं की समतोल बिंदू खाली सरकवतं. त्या नव्या बिंदूवर वजनाचा भार आणि स्प्रिंगचं बल एकमेकांना फेडतात. तिथून x एवढं हललं की फक्त kx उरतं. म्हणून आवर्तकालाला g शी देणंघेणं नाही. दुसऱ्या सूत्रात g दिसतो, पण e सुद्धा g प्रमाणेच बदलतो. चंद्रावर g सहा पटींनी कमी, वाढही सहा पटींनी कमी, भागाकार तोच.

मात्र हे दुसरं सूत्र आपल्या स्प्रिंगला लावू नका. त्यात e = mg/k असं गृहीत धरलंय आणि सुरुवातीच्या ताणामुळे आपल्या स्प्रिंगला ते लागू नाही. १२.७ सेंटिमीटर घालून पाहिलंत तर पुन्हा तोच चुकीचा ०.७१६ मिळेल.

g नसण्याचा उपयोग अंतराळात झाला. वजनकाटा तिथे निकामी असतो, कारण काट्यावर भारच पडत नाही. १९७३ साली स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकात अंतराळवीर स्प्रिंग लावलेल्या खुर्चीत बसून मागेपुढे हलत असत. खुर्चीचा आवर्तकाल मोजायचा आणि त्यावरून शरीराचं वस्तुमान काढायचं. हलण्याचा आयाम दर वेळी नेमका तेवढाच ठेवायची गरज नव्हती.